प्रेक्षकांचा अहवाल वाचताना पिकाचे घड्याळ विसरू नये

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळ, स्वामीमलैच्या परिसरात तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. श्वेत विनायकाच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. भोवतालचा सारा प्रदेश कावेरीच्या त्रिभुज खोऱ्याचा, म्हणजे भाताचा. याच भागात आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात या केंद्राच्या ‘एडीटी-२७’ या अल्पमुदतीच्या वाणाची माहिती आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रावरून तंजावूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आणि वाण झपाट्याने पसरले. शेतकऱ्यांनी त्याला दिलेले नाव विस्तारशिक्षणाच्या इतिहासात कायमचे राहिले : ‘रेडिओ राइस’, म्हणजे रेडिओचा भात.

आज आपल्यापैकी अनेक संशोधन संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि प्रगतिशील शेतकरी स्वतःच्या यूट्यूब वाहिन्या चालवतात. तिरुचिरापल्लीच्या निवेदकाला कधीही न मिळालेली एक सोय आपल्याला आहे. आपले चलचित्र कोणत्या वयाच्या लोकांनी पाहिले, ते कोणत्या शहरांत होते आणि दिवसाच्या कोणत्या तासांना ते यूट्यूबवर असतात, हे सांगणारे अहवाल वाहिनीच्या मालकाला विनामूल्य मिळतात. त्यांवरून पुढचा विषय आणि प्रसिद्धीची वेळ ठरवण्याचा प्रघातही आता रुळला आहे. हा प्रघात चुकीचा नाही. मात्र तो ज्या रीतीने अमलात येतो, त्यात कृषी विस्ताराच्या दृष्टीने एक गंभीर धोका दडलेला आहे. हे अहवाल आपल्याकडे आलेल्यांविषयी बोलतात. ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांच्याविषयी नव्हे. हे दोन समूह एकच आहेत असे गृहीत धरले, की शेतकऱ्यांसाठी सुरू केलेली वाहिनी पाहता पाहता शहरातील गच्चीवरच्या बागेची होऊन जाते, आणि अहवाल मात्र प्रगतीच दाखवत राहतो.

एक उदाहरण

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, तिरुवलंचुळी परिसरातील भात उत्पादकांसाठी कोणी एक तमिळ वाहिनी चालवते. मे महिना संपत आला आहे. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची प्रथेने चालत आलेली तारीख १२ जून. ते पाणी कावेरीतून कल्लणै बंधाऱ्यापर्यंत आणि तेथून कालव्यांत पोहोचायला काही दिवस लागतात. त्यानंतर ‘कुरुवै’ या अल्पमुदतीच्या भातहंगामाची लावणी सुरू होते. ज्यांच्याकडे कूपनलिका आहे ते कालव्याच्या पाण्याची वाट न पाहता आधीच रोपवाटिका टाकतात, म्हणजे पाणी येताच रोपे तयार असतात.

वाहिनीचा चालक पुढच्या महिन्याचे विषय ठरवण्यासाठी यूट्यूब स्टुडिओतील `Audience` हा विभाग उघडतो. गेल्या २८ दिवसांचा अहवाल त्याला सांगतो की, सर्वाधिक प्रेक्षक २५ ते ३४ वयोगटातील आहेत, त्याखालोखाल १८ ते २४ मधील. शहरांच्या यादीत चेन्नई पहिले, कोइम्बतूर दुसरे, बंगळुरू तिसरे. तंजावूर आणि कुंभकोणम खूप खाली. `When your viewers are on YouTube` या आलेखात संध्याकाळी सात ते रात्री दहा हे तास सर्वांत गडद, आणि त्यातही रविवारचे अधिक गडद.

चालक सरळ निष्कर्ष काढतो : आपला प्रेक्षक तरुण आहे, शहरात राहतो आणि रविवारी रात्री मोकळा असतो. म्हणून विषय घ्यावेत कुंडीतील भाजीपाला, घरच्या घरी कंपोस्ट, पारंपरिक तांदळाचे आहारमूल्य. आणि प्रसिद्ध करावे रविवारी रात्री आठला. दोन महिन्यांनी प्रेक्षकसंख्या वाढलेली दिसते. पण कुरुवैची रोपवाटिका आली आणि गेली; त्यावर वाहिनीने एक शब्दही काढला नाही.

या निष्कर्षात तीन चुका आहेत, प्रत्येक अहवालाच्या वाचनात एकेक. त्या क्रमाने पाहणे उपयोगाचे ठरेल.

गाव कोठे नाहीसे होते

पहिली चूक स्थानाची. यूट्यूबला प्रेक्षकाचे शहर मुख्यतः त्याच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून कळते. घरातील तारेच्या जोडणीत हा पत्ता बऱ्यापैकी जवळचा असतो. मोबाइलच्या जोडणीत मात्र हजारो ग्राहकांची ये-जा दूरसंचार कंपनीच्या एखाद्या मोठ्या शहरातील केंद्रामार्फत होते. त्यामुळे तिरुवलंचुळीच्या बांधावर उभा राहून चलचित्र पाहणारा शेतकरी अहवालात चेन्नईकर म्हणून उमटू शकतो. आपल्याकडेही हेच होते. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील गावात मोबाइलवर पाहिलेले चलचित्र मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या खात्यावर जमा होते. म्हणून शहरांच्या यादीत पुणे पहिले दिसले, की ‘आपला प्रेक्षक शहरी झाला’ असे म्हणण्याची घाई करू नये.

ही गल्लत झाली आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. संपूर्ण वाहिनीचा अहवाल बाजूला ठेवावा आणि ज्या विषयात शेतकऱ्याशिवाय कोणाला रस असण्याचे कारण नाही अशा एका चलचित्राचा स्वतंत्र अहवाल उघडावा. उदाहरणार्थ भाताच्या रोपवाटिकेतील बीजप्रक्रिया किंवा सोयाबीनच्या पेरणीयंत्राची जुळणी. तेथेही महानगराचाच वाटा तेवढाच मोठा दिसला, तर ते महानगर बव्हंशी मोबाइल कंपनीचे आहे असे समजण्यास हरकत नाही. याउलट रोपवाटिकेच्या चलचित्रात महानगराचा वाटा लहान आणि कुंडीतील टोमॅटोच्या चलचित्रात मोठा असेल, तर शहरी प्रेक्षक खरोखरच आलेला आहे. पण तो एका विशिष्ट विषयासाठी आलेला आहे, वाहिनीसाठी नव्हे. वाहिनीच्या एकत्रित अहवालात हा भेद दिसत नाही, कारण एखादे गाजलेले चलचित्र सगळी टक्केवारी आपल्याकडे ओढून घेते.

तरीही खरे स्थान जाणून घ्यायचे तर ते अहवालाबाहेरच शोधावे लागते. कृषी विज्ञान केंद्रात येणाऱ्यांच्या नोंदवहीत गावाचे नाव असते. दूरध्वनीवर सल्ला विचारणाऱ्याला ‘आपण कोणत्या गावाहून बोलता आणि आमचे चलचित्र पाहिले होते का’ हे विचारता येते. महिनाभराची अशी नोंद शहरांच्या यादीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते. ती पूर्ण नसते, हे खरे; पण तिची उणीव आपल्याला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेली उणीव हिशेबात धरता येते.

खाते नातवाचे, डोळे आजोबांचे

दुसरी चूक वयाची. अहवालातील वय हे खातेधारकाने खाते उघडताना नोंदवलेल्या माहितीवर आधारलेले असते. ग्रामीण कुटुंबात फोन अनेकदा सामाईक असतो, आणि खाते बहुधा घरातील शिकलेल्या मुलाने उघडून दिलेले असते. सायंकाळी ओसरीवर आजोबा, वडील आणि मुलगा तिघांनी मिळून पाहिलेले चलचित्र अहवालात २२ वर्षांच्या एका तरुणाचे म्हणून नोंदले जाते. स्त्रियांच्या बाबतीत ही गळती आणखी मोठी असते. भाताच्या लावणीचे काम तिरुवलंचुळीकडे काय आणि कोकणात काय, मुख्यतः स्त्रियांच्या हातून होते. पण फोन पुरुषाच्या नावाचा असल्यामुळे त्या अहवालात दिसतच नाहीत. मग ‘स्त्री प्रेक्षक नगण्य आहेत’ असे ठरवून लावणीच्या अंतराचे चलचित्र पुरुषांना उद्देशून केले जाते.

येथे दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. पुण्यात नोकरी करणारा तीस वर्षांचा मुलगा सोयाबीनचे चलचित्र पाहतो तेव्हा तो चुकीचा प्रेक्षक असतोच असे नाही. तो ते गावातल्या वडिलांना पाठवतो, रविवारी फोनवर त्याविषयी बोलतो, प्रसंगी बियाण्याचे पैसेही तोच भरतो. म्हणजे वयाच्या अहवालातून विषय ठरवणे जितके धोक्याचे, तितकेच मांडणी ठरवणे उपयुक्त. खातेधारक तरुण आहेत एवढे नक्की कळत असेल, तर पाच मिनिटांच्या चलचित्राचे सार शेवटी दोन-तीन वाक्यांत सांगावे, म्हणजे मुलाला ते वडिलांना तोंडी सांगता येईल. मात्रा पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी, म्हणजे तिचे छायाचित्र घेऊन पुढे पाठवता येईल. विषय मात्र रोपवाटिकेचाच राहील.

वयाच्या अहवालात टक्केवारीचाही एक सापळा आहे. समजा, मे महिन्यात चलचित्रे १०,००० वेळा पाहिली गेली आणि त्यांत ४५ वर्षांवरील प्रेक्षकांचा वाटा ४० टक्के होता. जूनमध्ये संख्या ३०,००० झाली आणि वाटा २० टक्क्यांवर आला. वाटा निम्मा झाला म्हणून प्रौढ शेतकरी दुरावले, असा अर्थ सहज लावला जातो. प्रत्यक्षात मे महिन्यातील ४,००० च्या जागी जूनमध्ये ६,००० आहेत. प्रौढ प्रेक्षक दीडपट झाले. तरुण त्याहून वेगाने वाढले, इतकेच. म्हणून टक्का पाहिला की तो एकूण संख्येने गुणून मगच बोलावे. शेजारच्या महिन्याशी तुलना करण्याऐवजी मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, हेही महत्त्वाचे. पेरणीच्या जूनची बरोबरी उन्हाळ्याच्या मेशी केली, तर ऋतूचा फरक प्रेक्षकांचा फरक म्हणून दिसतो.

गडद तास आणि निर्णयाचा तास

तिसरी चूक वेळेची. आणि आपल्या क्षेत्रात सर्वांत महाग पडणारी. सक्रिय तासांचा आलेख आपले प्रेक्षक गेल्या २८ दिवसांत यूट्यूबवर केव्हा होते ते दाखवतो. ते आपलेच चलचित्र पाहत होते असे तो म्हणत नाही. त्या तासांत चित्रपटगीते किंवा क्रिकेटही पाहिले जात असेल. आलेखात आकडे नसतात, केवळ रंगाची गडद-फिकट छटा असते. त्यामुळे दोन गडद तासांतील फरक किती, हे त्यातून मोजता येत नाही. शिवाय यूट्यूबचे स्वतःचेच मार्गदर्शन असे आहे की, प्रसिद्धीच्या वेळेचा चलचित्राच्या दीर्घकालीन वाटचालीवर थेट परिणाम होतो असे आढळलेले नाही.

मग वेळ पाहायचीच नाही का? पाहायची; पण कोणत्या मजकुरासाठी, हे आधी ठरवून. आपला मजकूर दोन प्रकारचा असतो. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, ठिबकच्या नळ्या आम्लाने कशा धुवाव्यात, हे वर्षानुवर्षे पाहिले जाणारे विषय. ते मंगळवारी सकाळी आले काय किंवा शनिवारी रात्री आले काय, सहा महिन्यांनी फरक उरत नाही. दुसरा प्रकार अल्पायुषी मजकुराचा : पावसाचा अंदाज, किडीच्या उद्रेकाचा इशारा, धरणातून पाणी सुटण्याची वार्ता. येथे तास मोलाचा आहे. परंतु तो तास प्रेक्षकाच्या सवयीइतकाच शेतातील निर्णयाच्या वेळेने ठरला पाहिजे.

हवामानाधारित कृषी सल्ल्याचे उदाहरण घ्या. ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत जिल्हावार सल्लापत्रिका आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तीत पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. शुक्रवारच्या पत्रिकेवरील चलचित्र रविवारचे तास सर्वांत गडद आहेत म्हणून रविवारी रात्री प्रसिद्ध केले, तर पाचांपैकी जवळजवळ दोन दिवस वाया गेलेले असतात. सोमवारी दुपारी पाऊस येणार असेल, तर शनिवारी सकाळी फवारणी करायची की थांबायचे, हा निर्णय शेतकऱ्याने केव्हाच घेतलेला असतो. याउलट शुक्रवारचे सर्वांत गडद तास, समजा संध्याकाळी सात ते नऊ, धरून तेच चलचित्र शुक्रवारी सहा-साडेसहाला प्रसिद्ध केले, तर अहवालाचा मान राहतो आणि हंगामाचाही. दिवस पिकाने ठरवावा, तास प्रेक्षकाने. हा क्रम उलटा करू नये.

ज्यांना स्वतःच्या वाहिनीवर वेळेचा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांनी एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. यूट्यूबच्या अहवालांतील बहुतेक दिवसवार आकडे अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मांडलेले असतात. तेथील मध्यरात्र म्हणजे आपली दुपार : उन्हाळ्यात १२.३०, हिवाळ्यात १.३०. त्यामुळे मंगळवारी सकाळी सहाला प्रसिद्ध केलेल्या चलचित्राचे पहिले साडेसहा तास आलेखात सोमवारच्या खात्यावर पडतात. सायंकाळी सातला प्रसिद्ध केलेल्याचे असे विभाजन होत नाही. ते त्याच तारखेच्या खात्यात सुरू होते आणि पुढे साडेसतरा तास तेथेच राहते. हे न जाणता दिवसवार आकड्यांची तुलना केली, तर सकाळची वेळ विनाकारण हरते. तुलना प्रसिद्धीच्या क्षणापासून मोजलेल्या पहिल्या २४ तासांची आणि पहिल्या सात दिवसांची करावी. सारख्या स्वरूपाची चलचित्रे, उदाहरणार्थ साप्ताहिक हवामान सल्ला, आठवड्याआड सकाळी आणि सायंकाळी प्रसिद्ध करावीत. निदान चार जोड्या झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण एका आठवड्याचा पाऊस किंवा गावची जत्रा एक जोडी सहज बिघडवू शकते. पहिल्या २४ तासांत फरक दिसला आणि सातव्या दिवशी तो पुसला गेला, तर अल्पायुषी मजकुरासाठीच त्या वेळेचे महत्त्व आहे असे समजावे.

मागणी उशिरा येते

विषय निवडताना अहवालावर विसंबण्याची जी सर्वांत खोल अडचण आहे, ती या तीन चुकांच्या पलीकडची आहे. प्रेक्षकांची मागणी बहुतेक वेळा नुकसान झाल्यानंतर व्यक्त होते.

सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता घरी तपासण्याची पद्धत आपल्या सर्वांना परिचित आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि सुमारे आठवडाभराने उगवलेले सशक्त कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि फारच कमी असेल तर ते बदलावे. ही चाचणी करण्याची वेळ मे महिन्याची. पण त्या महिन्यात हा विषय फारसे कोणी शोधत नाही. शोध वाढतो तो जूनच्या अखेरीस, पेरलेल्या ओळींत खाडे दिसू लागल्यावर. अहवाल पाहून विषय निवडणारा चालक उगवणक्षमतेचे चलचित्र जुलैमध्ये करील, आणि ते भरपूर पाहिले जाईल. मे महिन्यात तेच करणाऱ्याला पाहणारे कमी मिळतील. पण त्यांच्यापैकी काहींची दुबार पेरणी टळेल. या दोघांत विस्ताराचे काम कोणी केले, याचे उत्तर कोणत्याही आलेखात सापडत नाही.

तिरुवलंचुळीच्या उदाहरणातही तेच आहे. कुरुवैच्या रोपवाटिकेचे चलचित्र मेच्या शेवटच्या आठवड्यात हवे. तोवर त्याची मागणी अहवालात उमटलेली नसेल. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पावसात सांबा भाताच्या शेतातील पाण्याचा निचरा कसा करावा, हे सप्टेंबरमध्येच सांगायला हवे; शेते बुडल्यावर त्या चलचित्राला प्रेक्षक मिळतील, शेतकऱ्याला मात्र फायदा मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, न पाहिलेल्या चलचित्राचा उपयोग तरी काय? प्रश्न रास्त आहे, आणि अहवालाचे खरे काम येथेच सुरू होते. मे महिन्यात उगवणक्षमतेचे चलचित्र कमी पाहिले जाते हे अहवालाने दाखवले, तर विषय सोडू नये, वाट बदलावी. तेच चलचित्र जे विषय मे महिन्यात पाहिले जातात, उदाहरणार्थ वाणांची निवड किंवा बियाणे खरेदीची पावती, त्यांच्या पोटात एका मिनिटासाठी घालावे. मागील जुलैमध्ये ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगण्याची संधी तेव्हाच घ्यावी : पुढच्या वर्षी मे महिन्यात ही चाचणी करा. अहवाल विषयाचा स्वामी नसावा. विषय पोहोचवण्याचा वाटाड्या असावा.

पुण्याचा १९५६ सालचा धडा

मराठी वाचकांना या संदर्भात आपल्याच भूमीतील एका प्रयोगाची आठवण करून देणे उचित होईल. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. महाराष्ट्रातील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो ऐकल्यावर मंडळ चर्चेला बसे, आणि संयोजक चर्चेचा अहवाल व प्रश्न केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमांत त्यांपैकी प्रश्नांना उत्तरे दिली जात. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, आणि त्यात मंडळे नसलेली गावेही तुलनेसाठी घेतली होती.

तेथील अहवाल आणि आपला आजचा अहवाल यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. मंडळाचा अहवाल किती जणांनी ऐकले एवढेच सांगत नव्हता. ऐकल्यावर त्यांना काय कळले नाही आणि काय करता येत नाही, हे सांगत होता. श्रोता कोठला आहे हे अनुमानाने ठरत नव्हते, कारण मंडळाला गाव होते. आणि मूल्यमापन करणाऱ्यांनी न ऐकणाऱ्यांनाही मोजले होते. आपल्या आलेखांत या तिन्ही गोष्टींची जागा रिकामी आहे.

ती भरून काढण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. आपल्या सेवाक्षेत्रातील दोन-तीन गावांत, बाजाराच्या दिवशी किंवा शिवारफेरीत, तीस शेतकऱ्यांना चार प्रश्न विचारावेत : आमचे चलचित्र कधी पाहिले का, कोणाच्या फोनवर, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि गेल्या पंधरवड्यात शेतातला कोणता निर्णय अडला. तिसांत दहा स्त्रिया असतील याची दक्षता घ्यावी, आणि वाहिनी न पाहणाऱ्यांना वगळू नये. तीस ही संख्या लहान आहे. तीत एका माणसाचे वजन तीन टक्क्यांहून अधिक होते, म्हणून ‘५३ टक्के सकाळी पाहतात’ अशी भाषा तिच्यावरून करू नये. पण अहवाल म्हणतो बहुसंख्य पंचविशीतले, आणि तिसांपैकी बावीस जण म्हणतात की फोन मुलाचा पण पाहणारे आम्ही, तर वयाचा अहवाल कसा वाचायचा हे समजायला एवढी संख्या पुरेशी आहे.

माझे म्हणणे असे की, दर महिन्याला विषय ठरवण्याच्या बैठकीत पहिला कागद पीक दिनदर्शिकेचा असावा : येत्या सहा आठवड्यांत कोणते निर्णय घेतले जाणार आहेत. दुसरा कागद या तीस जणांच्या उत्तरांचा. प्रेक्षकांचा अहवाल तिसरा. पहिल्या कागदावरून विषय आणि दिवस ठरावा, दुसऱ्यावरून कोणाला उद्देशून बोलायचे ते, आणि तिसऱ्यावरून तास, लांबी व मांडणी. अनेक ठिकाणी आज तिसरा कागद पहिला उघडला जातो आणि उरलेले दोन उघडलेच जात नाहीत.

‘रेडिओ राइस’ हे नाव आजही सांगितले जाते, ते तंजावूरच्या शेतकऱ्यांनी किती तास रेडिओ ऐकला यामुळे नव्हे. ऐकलेले शेतात उतरले, म्हणून भाताला रेडिओचे नाव मिळाले. आपल्या वाहिनीचे यश मोजताना हाच निकष ठेवावा, आणि आलेखातील गडद तासांना त्याच्या सेवेला लावावे.